जाहिरात कापताना

आप्पांच्या वर्षश्राद्धाला मांडवात एलईडी स्क्रीन लावला होता. आमच्या भवानीनगरकडं हल्ली स्क्रीनशिवाय कुणाला माणूस गेल्यासारखं वाटतच नाही. कीर्तनकार येईपर्यंत मंडळी बसणार, मग त्यांना बघायला काहीतरी पाहिजे. म्हणून गेलेल्या माणसाचे फोटो एकामागोमाग एक सरकवायचे, मागं बासरी लावायची, आणि ज्यांनी त्याला जिवंतपणी कधी पाणी विचारलं नाही त्यांनी डोळ्याला रुमाल लावायचा. मी हे असं बोलते म्हणून माझा नवरा मला तिखट म्हणतो. आहेच मी तिखट. बापाच्या मांडवात पाहुण्यासारखी मागच्या रांगेत बसायला लागलं की कुणीही तिखट होईल.

मी दिपाली. इंदापूरजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नवरा बुद्धघोष इंदापुरातच बँकेत आहे. आम्ही मराठा, तो बौद्ध. लग्न आम्ही आमच्या मर्जीनं केलं आणि त्या दिवसापासून माझे वडील हिंदुराव माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. कारखान्यातून रिटायर झालेला माणूस, गावात शांत म्हणून नाव. माझ्या बाबतीत मात्र त्यांनी जे दार लावलं ते लावलंच. मी फोन केले, दिवाळीला फराळ पाठवला, डबा तसाच परत आला. आई आधीच गेलेली, मधे पडायला कोण होतं? थोरला भाऊ विजयसिंह होता. पण तो मधे पडणाऱ्यातला नव्हता, बाजूला उभा राहणाऱ्यातला होता.

आप्पा बारामतीच्या दवाखान्यात वारले, तेव्हाही मला कळलं ते सगळं उरकल्यावर. दादाचा फोन आला.

"दिपे, आप्पा गेले. सकाळीच माती झाली."

"आणि आता सांगतोस?"

मी फोन ठेवला आणि वर्षभर त्याचं तोंड पाहिलं नाही. बापाला शेवटचं बघू दिलं नाही, हे मी विसरणार नव्हते. अजूनही विसरले नाही, फक्त आता तो राग नेमका कुणावर काढायचा ते कळत नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा दादा स्वतः इंदापूरला आमच्या घरी आला. पहिल्यांदाच. सोफ्याच्या अगदी कडेला बसला, जणू मागं टेकलं तर कुणी बघेल. चहा मात्र पूर्ण प्याला.

"वर्षश्राद्धाला ये," तो मला म्हणाला. मग बुद्धघोषकडं बघून, "तुमीबी या, दाजी."

दाजी! हा शब्द त्याच्या तोंडून ऐकायला मला इतकी वर्षं लागली. बुद्धघोष हसला आणि म्हणाला, "हिला सोडायला येईन." त्यानं तसंच केलं. मला मांडवाच्या तोंडाशी उतरवलं आणि स्वतः स्टँडजवळच्या हॉटेलात पेपर वाचत बसला. मला वाईट वाटलं तर म्हणाला, "मला त्या मांडवाचा राग नाही, पण हौसही नाही. त्यांचा शब्द तुला हवाय, मला नाही."

खरं होतं ते. मला आप्पांचा एक शब्द हवा होता. मेलेल्या माणसाकडून शब्द हवा असणं हा मूर्खपणा आहे हे मला चौथीच्या पोरांएवढं कळतं. तरी हवा होता.

तर त्या मांडवात व्हिडिओ सुरू झाला. सायकलवरचे आप्पा, कारखान्याच्या गेटसमोरचे आप्पा, बैलाच्या शिंगाला हात लावून उभे असलेले आप्पा. कुठल्याच फोटोत मी नव्हते. म्हणजे एका फोटोत होते, पण कडेला, अर्धी. आधी एका अभंगाची चाल वाजत होती, ती हळू होत थांबली आणि बासरी सुरू झाली. हे सगळं माझ्या वहिनीनं, सोनमनं, मोबाइलवर केलेलं, हे मला शेजारी बसलेल्या साखरबाई आत्यानं सांगितलं.

आणि मग शेवटी फोटो संपले आणि पडद्यावर दवाखान्यातले आप्पा आले. हलणारे, बोलणारे. निळी चादर, नाकात नळी, वाळलेला गळा. सोनमनंच मोबाइलवर घेतलं असणार. मी त्यांना तसं कधी पाहिलंच नव्हतं.

"विजा, रानातली मोटार बघत जा. नुसती चालू करून गावात हिंडू नको," आप्पा म्हणाले. मांडवात लोक हसले. "सोनम, तू लई केलंस माझं." मग थांबले, श्वास घेतला. बासरी वाजतच होती. "आणि दिपाली…"

पडदा काळा झाला.

माझं नाव! आप्पांच्या तोंडून माझं नाव, एवढ्या लोकांसमोर, एवढ्या मोठ्या आवाजात! मांडवात बायका माना वळवून माझ्याकडं बघायला लागल्या. पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "शेवटाला लेकीचंच नाव घेतलं बघ." मी रडले. अशी रडले की साखरबाई आत्यानं मला धरलं. तिनं काही म्हटलं नाही, नुसती पाठ चोळत राहिली. पुढं कीर्तन झालं, बारा वाजता आप्पांच्या फोटोवर फुलं टाकली, पंगती बसल्या. मला त्यातलं काही आठवत नाही.

पंगत उठल्यावर मी दादाला गाठलं. तो मांडवाच्या मागं पाण्याच्या टँकरपाशी उभा होता.

"दादा, आप्पा पुढं काय म्हणाले?"

"कुठं पुढं?"

"माझं नाव घेतल्यावर. व्हिडिओ एकदम बंद झाला."

"आगं ते व्हय," तो म्हणाला. टँकरच्या नळाकडं बघत म्हणाला. "त्या ॲपची जाहिरात असती ना शेवटाला, ती गोल फिरणारी. फुकटचं ॲप हाय, ते आपलं आपणच चिकटवतं. बापाच्या फोटोमागं असलं टिंगटिंग बरं दिसंना. मी ते गॅलरीत कापाय गेलो, त्यात जरा जास्त कापलं गेलं."

मला पटलं. का पटू नये? ते ॲप माझ्याही मोबाइलमध्ये आहे. अर्ध्या तालुक्याच्या मोबाइलमध्ये असेल. वाढदिवस, साखरपुडे, श्रद्धांजल्या, सगळं त्यावरच होतं. व्हिडिओ तयार करून सेव्ह केला की शेवटी दोन-तीन सेकंदांची त्यांची जाहिरात लागलेली असते. पांढरा पडदा, त्यावर गरगर फिरणारं चिन्ह, खाली "बनवा, सजवा, शेअर करा" आणि लहान मुलाच्या खेळण्यासारखं टिंगटिंग. बारशाच्या व्हिडिओत ते खपतं. श्रद्धांजलीमागं आलं की माणसाची इज्जत जाते.

"कापलेला का असेना, मला पाठव," मी म्हटलं.

त्यानं तिथंच पाठवला.

पुढचे काही आठवडे मी सुखी होते. हो, सुखीच. लाज वाटते म्हणायला, पण बाप गेल्याच्या व्हिडिओवर मी सुखी होते. भाकरी थापताना मोबाइल डब्याला टेकवून लावायचे आणि शेवटचं तेवढं ऐकायचे. "आणि दिपाली…" आवाजात राग नव्हता. मी ऐकून ऐकून खात्री केली होती. मी पुढचं वाक्य स्वतःच लावून टाकलं होतं. आणि दिपालीला घरी आणा. आणि दिपालीला सांगा, माझं चुकलं. एकदा तर आणि दिपालीच्या नवऱ्यालाही, असंही लावून बघितलं. बुद्धघोष ऐकायचा. एकदा एवढंच म्हणाला, "नावावर थांबलंय, ते बरंय. पुढं नको जाऊ."

माझा स्वभाव थांबायचा असता तर मी आप्पांच्या मर्जीनंच लग्न केलं असतं.

शाळेत बाल आनंद मेळावा झाला. पोरांनी भेळ विकली, सरबत विकलं, एकानं तर घरचा ऊस तोडून आणून तुकडे करून विकला. त्याचा व्हिडिओ मी त्याच ॲपवर केला आणि घाईत पालकांच्या ग्रुपवर टाकला. शेवटची जाहिरात काढायची राहिली. आमच्या शाळेतल्या मेघना मॅडम म्हणाल्या, "बाई, तुमच्या मेळाव्याला कंपनी प्रायोजक मिळाली वाटतं!" सगळा स्टाफ हसला. मी पण हसले आणि ग्रुपवरचा व्हिडिओ काढून टाकला.

ॲप उघडलं असतं तर दोन सेकंदांचं काम होतं. तिथं जाहिरात ही खालच्या पट्टीत शेवटचा वेगळा तुकडा म्हणून असते, बोट लावायचं आणि डिलीट करायचं. पण मधल्या सुट्टीतली पाचच मिनिटं उरली होती आणि तयार व्हिडिओ गॅलरीत समोरच होता. म्हटलं दादानं केलं तसं करू, गॅलरीतच शेपूट कापू. एडिट दाबलं. खाली व्हिडिओची पट्टी आली, बारीक बारीक चित्रांची. उजव्या टोकाची दांडी धरून डावीकडं ओढायला लागले.

आणि माझा हात थांबला.

पट्टीत जाहिरात वेगळी दिसत होती. पोरांच्या रंगीत कपड्यांनंतर एकदम पांढरा ठिपका. आंधळ्याला दिसेल एवढा. दांडी त्या पांढऱ्यावरून सरकली की वर मोठ्या चित्रात लगेच पोरं दिसतात. म्हणजे जाहिरात संपली, थांबा. आता थोडं जास्त कापलं जाऊ शकतं, बोट जाडं असलं की जातंच. पण थोडं. आणि दुसरी गोष्ट, मी मेळाव्याच्या गाण्याचा आवाज शेवटी हळूहळू विरत नेला होता. तो विरणारा भाग जाहिरातीच्या आधी येतो. जाहिरात कापताना थोडं जास्त कापलं, तर विरणारं गाणं कापलं जाईल.

मी आप्पांचा व्हिडिओ लावला. स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर, कानाला लावून. अभंगाची चाल सोनमनं कशी छान विरवत नेली होती, कानाला खटकली नाही. म्हणजे तिला ते येत होतं. आणि शेवटी बासरी? बासरी भर सुरात होती. "आणि दिपाली…" आणि कचकन बंद. विरायला सुरुवातच झाली नव्हती. म्हणजे पुढं बरंच होतं. पुढं अख्खं वाक्य होतं.

दादानं चुकून कापलं नव्हतं. त्यानं ते वाक्य कापलं होतं.

मला एवढा राग आला की कानशिलं तापली. पाचवा तास कसा घेतला मला माहीत नाही. शाळा सुटल्या सुटल्या गेटबाहेरच मी त्याला फोन लावला.

"दादा, पूर्ण व्हिडिओ पाठव."

"कसला?"

"आप्पांचा. न कापलेला."

"ते पुसलं गं. मोबाइलमधे जागा न्हवती."

"खोटं बोलू नको. जाहिरात कापताना एवढं जात न्हाय. मी करून बघितलंय. पांढरं दिसतं की ढळढळीत! त्याच्यापुढं तू दांडी ओढत आणलीस. मुद्दाम आणलीस."

पलीकडं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. ऊस भरायचं चाललं असणार. तो बोलला नाही, आणि त्याच्या न बोलण्याचा मला आयुष्यभर जेवढा संताप आला होता तो सगळा एकदम तोंडात आला.

"आप्पांनी मला घरी बोलवा म्हटलं असणार. तुझ्या पोटात दुखलं. आता ही येणार, नवऱ्याला घेऊन येणार, उद्या रानात वाटा मागणार. म्हणून बापाच्या तोंडातला शब्द कापलास. मातीला बोलावलं न्हाईस, तवाच मला कळायला पाहिजे हुतं. चोर हाईस तू, दादा. बापाचा शब्द चोरलास."

तो म्हणाला, "तसं समज." आणि फोन ठेवला.

मी समजले नाही. मी रविवारी भवानीनगरला गेले. बुद्धघोष म्हणाला, "जाऊ नको." मी म्हटलं, "तू गप." त्यानं मला स्टँडवर सोडलं.

घरी सोनम एकटीच होती. दादा उसाच्या तोडीवर गेला होता. ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मला बघून उठली नाही. आधी ताई, ताई करणारी बाई, आता शेंगेच्या टरफलाकडं बघत होती.

"वहिनी, तुझ्या मोबाइलमधे व्हिडिओ असंल. जिथं बनवला तिथं ॲपमधे कच्चा राहतो," मी म्हटलं.

"राहतो की," ती म्हणाली. "हाय. ह्यांनी मला पुसाय सांगितलं हुतं. मी न्हाय पुसला."

"मग दाखव."

"दिपाताई, तुमी फोनवर ह्यांना चोर म्हणला. जेवले न्हाईत ते दोन दिस." तिचा आवाज चढला नाही, पण शेंग तिच्या हातात पिचली. "मी आप्पांचं सगळं केलं. हागणंमुतणं काढलं. ते मला वाईट बोलले, मी ऐकलं. चांगलं बोलले, तेबी ऐकलं. ते दवाखान्यात जे बोलले ते मी घेतलं आन् व्हिडिओत होतं तसं लावलं. मरणाऱ्या माणसाच्या बोलण्याला मी कोण कात्री लावणारी? ह्यांनी लावली. मी लई भांडले. आता तुमीच म्हणताय तर घ्या. बघा."

तिनं मोबाइल माझ्यापुढं ठेवला. ॲप उघडलं, प्रोजेक्ट उघडला. खाली पट्टीत तुकडे ओळीनं लागले. सायकलचा फोटो, गेटचा फोटो, बैल. मग निळी चादर. त्याच्यापुढं, वेगळा, आखूड, पांढरा तुकडा. जाहिरात.

"ही बघा तुमची जाहिरात," सोनम म्हणाली. "मी काढायची विसरले तशीच सेव्ह केली, आन् ह्यांना तशीच पाठवली. तेवढीच माझी चूक."

मी निळ्या चादरीवर बोट ठेवलं आणि चालू केलं.

विजा, रानातली मोटार बघत जा. सोनम, तू लई केलंस माझं. हे पाठ होतं मला. श्वास. बासरी. "आणि दिपाली…"

आप्पा थांबले नाहीत. मी एवढे आठवडे समजत होते की ते तिथं थांबले होते, भरून आलं होतं त्यांना. त्यांना नुसता दम लागला होता.

"आणि दिपाली… ती आली तर तिला दारात उभी करू नका. मी मेल्यावरबी न्हाय. माझ्या मातीलाबी न्हाय. माझी लेक त्याच दिवशी मेली."

मग खोकला आला. बासरी विरत गेली. आप्पांनी कॅमेऱ्याकडं बघितलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "झालं का गं? बंद कर."

आणि पांढरा पडदा. गरगर फिरणारं चिन्ह. बनवा, सजवा, शेअर करा. टिंगटिंग, टिंगटिंग.

मी ते टिंगटिंग संपेपर्यंत मोबाइल धरून बसले. बंद करावा हे सुचलं नाही. आप्पांचा आवाज तोच होता. तोच, ज्यात राग नाही असं मी ऐकून ऐकून ठरवलं होतं. खरंच नव्हता राग. मोटारीचं सांगितलं, सोनमला सांगितलं, तसंच माझंही सांगून टाकलं. कामं वाटून दिल्यासारखं. रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाचं मन कधीतरी बदलतं.

मातीला न बोलावण्याचं मला आता कळलं. ते वाक्य दवाखान्यातल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. साखरबाई आत्यानंही ऐकलं असणार, म्हणून ती मांडवात नुसती पाठ चोळत राहिली. घरच्यांत मी एकटीच होते जिला वाटत होतं की बापानं शेवटी लेकीला जवळ केलं.

"चहा टाकते," सोनम म्हणाली. तिचा राग उतरला होता, आणि मला तिचा राग परवडला असता, ही कीव नको होती.

"नको," मी म्हटलं आणि बाहेर आले.

दादाची मोटारसायकल तेवढ्यात आत आली. अंगावर उसाचं पाचट, हाताला काळं. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्यामागं दारात उभ्या सोनमकडं बघितलं, आणि गाडी स्टँडला लावायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"दाखवलं व्हय हिनं," तो म्हणाला. कुणाला दोष देत नव्हता, नुसतं म्हणत होता.

मी म्हटलं, "तू अख्खा तुकडाच काढायचास ना! दवाखान्याचा भागच नको लावायचास. मग मी कशाला…"

तो ओट्याच्या कडेला बसला, आमच्या सोफ्यावर बसला होता तसाच, टोकाला.

"काढणारच हुतो. त्या सकाळी हिनं व्हिडिओ पाठवला, मी गोठ्यात उभं राहून बघितला. म्हणलं, मीच तुला बोलावून आणली. तू मांडवात बसणार आन् हे सगळ्या गावापुढं वाजणार. स्क्रीनवाला तिकडं घाई करतोय. हिच्या ॲपमधलं मला काय कळत न्हाय. गॅलरीत दांडी धरून मागं आणायची, तेवढंच मला येतं. पहिली ती जाहिरात कापली. मग ते… ते त्यांचं बोलणं कापलं. आजून मागं आणत हुतो, पार बैलाच्या फोटोपातूर न्यायचं म्हणून. मधेच वाजवून बघितलं तर तुझं नाव आलं. बोट तितंच थांबलं."

तो हाताचं काळं पँटला पुसत होता. निघत नव्हतं.

"आप्पा तुझं नाव घेत हुते, दिपे. एवढ्या वर्षात मी त्यांच्या तोंडून ऐकलं न्हवतं. तू तर न्हाईच न्हाई. म्हणलं, एवढं राहू दे. मातीला त्यांचं ऐकलं, तुला बोलावलं न्हाय, ते मला आजून खातंय. म्हणलं, आता तेवढं तरी तिला दिऊ. जाहिरात कापताना गेलं म्हणून सांगू."

मला त्याला काय काय म्हणायचं होतं. चोर म्हटलं ते परत घेते म्हणायचं होतं. तू वर्षानुवर्षं गप्प बसलास आणि एकदा बोललास तेही खोटं, असंही म्हणायचं होतं. दोन्ही खरंच होतं. पण माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"मला खरं पाहिजे हुतं, दादा," मी म्हटलं. "मी ते ऐकलं. आता ते माझ्या कानातनं जायचं न्हाय."

त्यानं मान वर केली. आमचा दादा, जो कधी कुणाला उलटून बोलला नाही, त्याचे डोळे लाल झाले होते.

"मग मी कापलं कशाला?" तो म्हणाला.